गुरुवारपासून जुना फोल्डर फक्त वाचण्यापुरता

दूध संस्थांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी डोळ्यांसमोर आणा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी पहिल्या मजल्यावर ऑफिस, चौदा माणसं, आणि कोपऱ्यात एक सर्व्हर. त्या सर्व्हरवरचा एक फोल्डर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ‘Z ड्राइव्ह’ म्हणून दिसतो. कंपनीचा सगळा कोड तिथेच असतो. ज्याला बदल करायचा तो फाइल उघडतो, बदलतो, सेव्ह करतो. अशा ऑफिसात एका सोमवारी टीम लीडकडून एक सूचना येते:

“सर्वांना नमस्कार. गुरुवार, १६ जुलैपासून आपला कोड गिटमध्ये राहील. बुधवारी १५ तारखेला संध्याकाळी ६ वाजल्यापासून Z ड्राइव्हवरचा कोडचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडा असेल, त्यात कोणालाही काही सेव्ह करता येणार नाही. ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांनी त्याआधी मला भेटावं. प्रशिक्षण दोनदा आहे. पहिलं मंगळवारी १४ ला किंवा बुधवारी १५ ला, सकाळी १० ते १. निम्म्यांनी एका दिवशी यावं, निम्म्यांनी दुसऱ्या, म्हणजे सपोर्टचे फोन उचलायला माणूस राहील. दुसरं शनिवारी १८ ला, ११ ते १, सर्वांसाठी. एक्सेल शीट, छपाईचे नमुने आणि संस्थांचे डेटाबेस बॅकअप आहेत तिथेच राहतील.”

सूचना साधी आहे, पण तिच्यातलं प्रत्येक वाक्य विचार करून लिहिलेलं आहे. तो विचार समजून घ्यायचा, तर आधी Z ड्राइव्हवर नेमकं काय बिघडतं ते पाहायला हवं.

सायली आणि इम्रान या दोघांनी सकाळी दहा वाजता `dar.py` नावाची एकच फाइल उघडली असं समजू. गायीच्या दुधाचा मूळ दर त्या फाइलमध्ये आहे, आणि फॅट-एसएनएफच्या पॉइंटप्रमाणे दर कसा वरखाली करायचा, पैसे कुठे पूर्णांकात आणायचे, हेही तिथेच आहे. संघाने लिटरमागे एक रुपया वाढवला, म्हणून सायलीने मूळ दर ३५ चा ३६ केला आणि साडेअकराला सेव्ह केलं. इम्रान त्याच फाइलमध्ये बराच खाली, पैशांच्या पूर्णांकाची एक चूक दुरुस्त करत होता. त्याने बारा वाजून दहा मिनिटांनी सेव्ह केलं. पण त्याच्या स्क्रीनवरची फाइल दहा वाजताची होती आणि तीत दर ३५ होता. त्याच्या सेव्हने पूर्ण फाइल नव्याने लिहिली गेली आणि सायलीचा ३६ पुसला गेला.

कोणालाही कसलाही इशारा मिळाला नाही. वर्डची फाइल दुसऱ्या कोणाकडे उघडी असेल तर वर्ड तसं सांगतो. कोड लिहायचे एडिटर बहुतेक वेळा सांगत नाहीत. रात्री सर्व्हरचा बॅकअप झाला, पण त्या क्षणी फोल्डरमध्ये जे होतं तेवढंच त्यात गेलं, त्यामुळे साडेअकराची फाइल बॅकअपमध्येही नाही. दहा दिवसांनी बिलं निघतात. दिवसाला ८०० लिटर दूध घेणाऱ्या एका संकलन केंद्रावर ८,००० लिटरचे ८,००० रुपये कमी लागतात. संस्थेच्या सचिवांचा फोन येतो. सायली शपथेवर सांगते की तिने दर बदलला होता, आणि तो बदलला होता हे दाखवणारी एकही गोष्ट ऑफिसात शिल्लक नसते.

यावर माणसं स्वतःचे उपाय काढतात. `dar_final.py`, `dar_final_sayli.py`, `dar_final_12july_chalu.py` अशा फाइली तयार होतात. नावावरून त्या शहाणपणाच्या वाटतात, पण सहा महिन्यांनी त्यातली कोणती खरोखर ग्राहकाकडे चालू आहे हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. शेअर्ड फोल्डरचा नियम एकच आहे: शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं. मला या नियमातला सगळ्यात मोठा दोष हा वाटतो की ज्याचं काम गेलं आणि ज्याच्या हातून ते गेलं, त्या दोघांनाही ते कळत नाही.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर सोडवण्यासाठी गिट जन्माला आलं. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स याने ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. लिनक्सचे प्रोग्रॅमर त्याआधी बिटकीपर नावाची प्रणाली वापरत होते आणि तिची मोफत परवानगी काढून घेतली गेली होती. जगभर विखुरलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचे बदल रोज एकत्र करायचे आणि कोणाचंही काम नकळत पुसू द्यायचं नाही, अशी ती गरज होती. तालुक्याच्या ऑफिसातल्या चौदा जणांची गरज आकाराने लहान आहे, जातीने तीच आहे.

गिटमध्ये प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर कोडची स्वतःची पूर्ण प्रत असते, तीही आजवरच्या सगळ्या इतिहासासकट. आपला बदल पक्का करायचा तर ‘कमिट’ करायची. कमिट म्हणजे त्या क्षणाच्या सगळ्या फाइलींची नोंद. तिच्यासोबत कोणी, केव्हा आणि का बदललं, आणि ही कमिट आधीच्या कोणत्या कमिटवर उभी आहे, हेही नोंदलं जातं. या सगळ्यातून गणिताने चाळीस अक्षरांची एक खूण निघते. आतला एक आकडा बदलला तरी खूण बदलते, म्हणून जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार करता येत नाही. आपली कमिट सर्व्हरवरच्या सामाईक प्रतीत पाठवणं म्हणजे ‘पुश’, आणि तिथलं नवं आपल्याकडे आणणं म्हणजे ‘पुल’.

आता तीच सकाळ गिटमध्ये पाहा. सायलीने दर बदलला, कमिट केली, पुश केलं. इम्रानने त्याची दुरुस्ती कमिट केली आणि पुश करायला गेला. त्याच्या स्क्रीनवर उत्तर आलं:

```
! [rejected]        main -> main (fetch first)
```

सर्व्हरने त्याचं काम घ्यायला नकार दिला. कारण सरळ आहे: इम्रानची कमिट ज्या कमिटवर उभी आहे, सर्व्हर तिच्या एक पाऊल पुढे गेला आहे. इम्रानकडे नसलेलं काहीतरी तिथे आहे, ते आधी आण, असं त्याचं म्हणणं. इम्रानने `git pull` केलं. गिटने तीन प्रती समोर ठेवल्या: दोघांनी जिथून सुरुवात केली ती दहा वाजताची प्रत, सायलीची आणि इम्रानची. मूळ प्रत हाताशी असल्यामुळे त्याला ठरवता येतं की दराची ओळ फक्त सायलीने बदलली आहे आणि पूर्णांकाची ओळ फक्त इम्रानने. दोन्ही बदल ठेवून त्याने एक नवी कमिट केली, आणि इम्रानचं पुढचं पुश गेलं. ३६ रुपये जागेवर राहिले.

दोघांनी एकच ओळ बदलली असती तर गिट स्वतः निर्णय घेत नाही. समजा इम्राननेही कोणाच्या तरी जुन्या निरोपावरून तोच दर ३५.५० केला होता. मग पुल करताना त्याला ‘कॉन्फ्लिक्ट’ दिसेल, आणि फाइल उघडल्यावर त्या जागी असं लिहिलेलं असेल:

```
<<<<<<< HEAD
mul_dar = 35.50
=======
mul_dar = 36.00
>>>>>>> 7c1e0a94d2b83f65e1907ac4db2f5883e60b1d47
```

वरची ओळ इम्रानची स्वतःची, खालची सर्व्हरवरून आलेली. बरोबर कोणती हे गिटला माहीत नाही, माहीत असण्याचा मार्गही नाही. ते संघाच्या परिपत्रकात आहे. इम्रानने उठून सायलीला विचारायचं, खरी ओळ ठेवायची, खुणेच्या तिन्ही ओळी काढून टाकायच्या आणि कमिट करायची.

टीम लीडचं खरं काम या जागी आहे. नवख्या माणसाला हा नकार म्हणजे बिघाड वाटतो. काल सेव्ह केलं की झालं होतं, आज मशीन लाल अक्षरांत काहीतरी म्हणतंय. शोधाशोध केली की कुठेतरी `git push --force` हा उपाय सापडतो, आणि तो लगेच लागूही पडतो. पण त्याने सर्व्हरवरच्या शाखेचं टोक इम्रानच्या कमिटवर आणून ठेवलं जातं आणि सायलीची कमिट त्या वाटेवरून बाजूला पडते. एवढा खटाटोप करून ऑफिस पुन्हा Z ड्राइव्हच्याच नियमावर आलं. सायलीच्या कॉम्प्युटरवर तिची कमिट अजून आहे, तेवढाच फरक. कॉन्फ्लिक्ट आल्यावर न विचारता ‘माझं ठेव’ निवडणाराही तेच करतो, फक्त जास्त सभ्यपणे. म्हणून पहिल्या प्रशिक्षणाच्या आधीच सर्व्हरवर जबरीचं पुश बंद करून ठेवावं. स्वतःचा सर्व्हर असेल तर सामाईक प्रतीत एक आज्ञा पुरते:

```
git config receive.denyNonFastForwards true
```

सूचनेत दोन प्रशिक्षणं का आहेत, हेही यातून उलगडतं. पहिल्या दिवशी तीन तासांत शिकवायचं ते मोजकं: प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरवणं, पुल, बदल, कमिट, पुश, आणि एक नकार प्रत्यक्ष पाहून त्यातून बाहेर येणं. शाखा, टॅग, इतिहास मागे फिरवणं हे त्या दिवशी काढूच नये. शाखांपासून सुरुवात केली तर तिथेच माणसं हरवू शकतात. कॉन्फ्लिक्टची तालीम दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी. तोवर प्रत्येकाने दोन दिवस खरं काम केलेलं असतं आणि विचारायला खरे प्रश्न असतात. जोड्या लावायच्या, दोघांना मुद्दाम एकच ओळ बदलायला सांगायची, आणि सोडवायचं दोघांनी एकाच स्क्रीनसमोर बसून. ही सवय हाताला लागली की नकाराची भीती जाते.

पहिल्या सत्राची सुरुवात मात्र चार सेटिंगने करावी, नाहीतर गाडी दहाव्या मिनिटाला अडते. नाव आणि ईमेल भरल्याशिवाय कमिटवर माणूस ओळखू येत नाही. दोन्हीकडे कमिट झालेल्या असतील, तर नव्या आवृत्त्यांतलं `git pull` जोडणी कशी करायची हे आधी ठरवा म्हणून थांबतं, तेव्हा ते ठरवून टाकायचं. जोडणीची कमिट करताना गिट एक एडिटर उघडतं. तो व्हिम असला तर त्यातून बाहेर कसं पडायचं हे नवख्याला कळत नाही, म्हणून विंडोजवर नोटपॅड लावून द्यावा. चौथं खास आपल्यासाठी. फाइलीचं नाव मराठीत असेल तर गिट ते आकड्यांत दाखवतं. `दर.txt` ही फाइल `"\340\244\246\340\244\260.txt"` अशी दिसते आणि माणसाला वाटतं फाइल खराब झाली. फाइल धडधाकट असते, दाखवण्याची पद्धत तेवढी बदलायची:

```
git config --global pull.rebase false
git config --global core.editor notepad
git config --global core.quotepath false
```

प्रत कुठे उतरवायची, हेही स्पष्ट सांगायला हवं: स्वतःच्या डिस्कवर. कोणीतरी सोय म्हणून Z ड्राइव्हवरच गिटची प्रत ठेवतो आणि पाच जण तिथेच बसून फाइली बदलतात. मग कमिट होतात, पण कमिट होण्याआधीच एकमेकांचं लिहिलेलं पुसलं जातं. इंटरनेटवर आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरमध्येही ती ठेवू नये. गिटच्या अंतर्गत फाइली दोन मशीनवरून एकाच वेळी बदलल्या तर प्रतच मोडू शकते.

सूचनेत न दिसणारं, पण सर्वात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे गिटमध्ये पहिली प्रत कोणती टाकायची हे ठरवणं. Z ड्राइव्हवर एकाच प्रोग्रॅमचे पाच-सहा फोल्डर असतात. माझं मत असं की फोल्डरच्या नावावर आणि तारखेवर विश्वास ठेवू नये. ग्राहकाकडे प्रत्यक्ष चालू असलेली प्रत मागवावी आणि तिच्याशी एकेक फोल्डर ताडून पाहावा. त्यासाठी गिटचाच उपयोग होतो:

```
git diff --no-index grahak_prat final_chalu
```

जिथे एकही फरक निघत नाही, किंवा निघालेल्या प्रत्येक फरकाचं कारण कोणीतरी सांगू शकतं, तो फोल्डर पहिली कमिट. बाकीचे फोल्डर मागे जाऊन इतिहासात ओवत बसू नयेत. त्यांचा क्रम खात्रीने लागत नाही आणि खोटा इतिहास नसलेल्या इतिहासापेक्षा जास्त दिशाभूल करतो. ते जुन्या जागी, फक्त वाचण्यापुरते ठेवावेत. दोन संस्थांकडे दोन वेगळ्या प्रती चालू असल्याचं या ताडणीत उघड झालं, तर ते बुधवारच्या आधी कळलेलं बरं.

पहिल्या कमिटच्या आधी आणखी एक चाळणी लागते. जुन्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा एखाद्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. तो एकदा कमिटमध्ये गेला की पुढच्या कमिटमध्ये फाइल काढून टाकली तरी आधीच्या नोंदीत तो राहतो, आणि ज्याच्याकडे प्रत आहे त्या प्रत्येकाकडे तो पोचतो. `.gitignore` मध्ये नाव घातलं तर पुढे येणारी फाइल बाहेर राहते, आधीच नोंदल्या गेलेल्या फाइलीवर त्याचा काही परिणाम होत नाही. पासवर्ड गेलाच असेल तर इतिहास धुण्याच्या आधी पासवर्ड बदलावा. धुणं सावकाश करता येतं.

मोठ्या आणि गिटला न वाचता येणाऱ्या फाइली बाहेर ठेवण्याचं कारण वेगळं. गिट ओळींनुसार जोडणी करतं. एक्सेल किंवा चित्राच्या फाइलीत त्याला जोडता येतील अशा ओळी नसतात, त्यामुळे दोघांनी बदल केले तर दोन्ही ठेवण्याचा मार्ग उरत नाही, एकच निवडावं लागतं. शिवाय काढून टाकलेली मोठी फाइलही इतिहासात राहते आणि प्रत्येकाच्या डिस्कवर जागा अडवते. गिटहबसारखी सेवा १०० मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल थेट नाकारते. डेटाबेसचे बॅकअप आहेत तिथेच राहतील हे सूचनेतलं वाक्य त्यासाठी आहे. त्यात शेतकऱ्यांची नावं आणि बँक खाती असतात, हे कारण त्याहून मोठं.

गिटच्या जोडणीची मर्यादाही प्रशिक्षणात सांगायला हवी. त्याला ओळी दिसतात, अर्थ दिसत नाही. सायलीने `mul_dar` हे नाव बदलून `gay_mul_dar` केलं आणि त्याच दिवशी इम्रानने दुसऱ्या फाइलमध्ये जुनं `mul_dar` वापरून नवा हिशेब लिहिला, तर गिट दोन्ही बदल निमूट जोडतं आणि प्रोग्रॅम बंद पडतो. तो लगेच बंद पडला तर नशीब, कारण कधी कधी चुकीचं बिल शांतपणे छापलं जातं. जोडणी झाल्यावर एका ओळखीच्या संस्थेचं मागचं बिल पुन्हा काढून रुपया-पैशापर्यंत जुळतं का पाहणं, एवढी एक तपासणी तरी ठरलेली असावी.

तारखांचा हिशेबही दुधाच्या पगारावरून आला आहे. शेतकऱ्याला दुधाचे पैसे बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी मिळतात. १ ते १० तारखेची बिलं ११-१२ ला निघतात, पुढची २१ ला. त्या दिवसांत ऑफिसचा फोन थांबत नाही आणि कोडला हात लावण्याची वेळ आली तर ती घाईची असते. म्हणून बिलांची गर्दी सरल्यावर १४-१५ ला प्रशिक्षण आणि लगेच १६ ला सुरुवात. आठवडाभर आधी शिकवलं असतं तर वापरण्याआधीच विसरलं गेलं असतं. शुक्रवार-शनिवार सगळे ऑफिसात असतात, तेव्हा अडचणी तेव्हाच निघतात, आणि २१ तारखेच्या बिलाआधी श्वास घ्यायला जागा राहते. एकदम सगळं हलवायचं की टप्प्याने, हा प्रश्न फार मोठ्या ठिकाणी येतो. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा कोड गिटमध्ये नेला, तेव्हा सुमारे ३५ लाख फाइली, ३०० जीबी आणि जवळपास ४,००० इंजिनिअर होते. त्यांनी माणसं गटागटाने हलवली. चौदा जणांत मात्र टप्पे करू नयेत. निम्मे गिटमध्ये आणि निम्मे फोल्डरमध्ये असले की दोन्हींकडचं खरं कोणतं, हा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो.

फोल्डरला कुलूप लावण्याचं कारणही हेच. नुसतं ‘यापुढे गिट वापरा’ म्हटलं, तर घाईच्या दिवशी हात आपोआप Z ड्राइव्हकडे जातो. सर्व्हरवर त्या फोल्डरची लिहिण्याची परवानगी काढली की हा मोह उरत नाही, आणि जुनं पाहायला सगळं उघडं राहतं. ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांनी आधी भेटावं, ही ओळ मात्र विसरता कामा नये. कोणाच्या तरी डेस्कटॉपवर तीन आठवड्यांचं न जोडलेलं काम असतंच, आणि कुलूप लागल्यावर ते कळलं तर तो माणूस पहिल्याच दिवशी गिटचा शत्रू होतो.

बदल रुजला की नाही हे महिनाअखेरीस पाहता येतं. कोडच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दिसल्या, कोणी ‘जरा माझं पुश करून दे’ म्हणत पेनड्राइव्ह पुढे केला, किंवा आठवड्याचं सगळं काम शनिवारी एकाच कमिटमध्ये ‘बदल’ एवढाच शब्द लिहून आलं, तर कुठेतरी अडलं आहे. टीम लीडने एक आज्ञा चालवावी:

```
git shortlog -sn --since="2 weeks ago"
```

दोन आठवड्यांत कोणाच्या किती कमिट झाल्या, त्याची नावानिशी यादी समोर येते. ती कामाचं मोजमाप म्हणून कधीही वापरू नये. एकाच दुरुस्तीत दोन दिवस घालवणाऱ्याची कमिट एकच असते. पण चौदातली दोन नावं यादीत नसतील, तर त्या दोघांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि त्यांचं आजचंच काम त्यांच्याच हाताने पुश करून घ्यायचं. या तिसऱ्या प्रशिक्षणाची तारीख सूचनेत नसते, तरी २१ च्या बिलांनंतरचा एक दिवस त्यासाठी मोकळा ठेवावा.